शेवटची बादली किती गरम होती?

गंडामन हे बिहारच्या सारण जिल्ह्यातलं गाव. 16 जुलै 2013 रोजी तिथल्या शाळेत मध्यान्ह भोजन खाऊन 23 मुलं दगावली. तपासणीत तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं. ते जेवण कच्चं नव्हतं, शिळंही नव्हतं. ताजं, गरम आणि नीट शिजलेलं होतं, आणि तरीही जीवघेणं होतं. म्हणूनच ‘स्वच्छता पाळा, अन्न नीट शिजवा’ एवढ्या सूचनेवर शेकडो मुलांचं स्वयंपाकघर सोडून देता येत नाही.

अशा ठिकाणी उपयोगी पडते ती हॅसेप पद्धत. 1960च्या दशकात अमेरिकेत अंतराळवीरांच्या जेवणासाठी तिची घडण झाली. यानातल्या माणसाचं पोट बिघडलं तर डॉक्टर बोलावणार कुठून? मग तयार पाकिटं तपासत बसण्यापेक्षा धोका कुठे शिरू शकतो ते आधीच शोधायचं आणि तिथेच अडवायचं, असं ठरलं. धोका अडवण्याच्या अशा मोजक्या जागांना निर्णायक नियंत्रणबिंदू म्हणतात. खरी कसोटी असते ती ‘मोजक्या’ या शब्दाची. हौशीने केलेल्या आराखड्यात भाजी धुण्यापासून ताटं विसळण्यापर्यंत सगळंच निर्णायक ठरवलेलं असतं. मग चार दिवसांत नोंदवही आठवड्याची एकदम भरली जाऊ लागते.

उदाहरण म्हणून पुणे जिल्ह्यातली 600 पटाची शाळा घेऊ. पहिली ते पाचवीची 350 मुलं, सहावी ते आठवीची 250. लहानांना माणशी 100 ग्रॅम तांदूळ आणि 20 ग्रॅम डाळ, मोठ्यांना 150 आणि 30. म्हणजे मुगाच्या खिचडीसाठी रोज साडेबहात्तर किलो तांदूळ आणि साडेचौदा किलो डाळ. स्वयंपाकी ताई आणि मदतनीस सहा टोपांत ती शिजवतात. साडेअकराला टोप खाली उतरतात, पावणेएकला मधली सुट्टी होते आणि शेवटच्या मुलाच्या ताटात खिचडी पडायला दीड वाजतो.

आता प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारायचा: इथे शिरलेला धोका पुढे कुठे दूर होणार आहे का? तांदळात खडे आहेत, सोनकिडे आहेत? निवडताना, धुताना निघतील. डाळीवर जंतू आहेत? शिजताना मरतील. पाण्यात टीसीएल पडलंय की नाही हे ओटी टेस्टने रोज पाहायचंच, पण ती स्वयंपाकघराची पायाभूत शिस्त झाली. झाकण, हात धुणं, नखं कापणं हेही त्याच खात्यातलं. खिचडीत पाल पडल्याची बातमी दर काही महिन्यांनी येते. घरातली पाल विषारी नसते, तिच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. त्यावर उपाय घट्ट बसणारं झाकण हाच आहे. त्याच्यासाठी वेगळा नियंत्रणबिंदू काढायची गरज नाही.

तेलापाशी मात्र प्रश्नाचं उत्तर बदलतं. कीटकनाशक धुऊन जात नाही आणि फोडणीत उडूनही जात नाही. पुढची एकही पायरी ते काढणार नाही, म्हणून तेल ताब्यात घेणं हा पहिला निर्णायक बिंदू. इथली मर्यादा अंशांत मोजायची नसते, ती हो किंवा नाही अशी असते. मूळ सीलबंद पाकीट, त्यावर एफएसएसएआयचा 14 आकडी परवाना क्रमांक आणि उलटून न गेलेली तारीख. यातलं एक जरी नसेल तर तेल परत पाठवायचं. सुटं तेल घ्यायचं नाही, जुन्या कॅनमध्ये ओतून ठेवायचं नाही, आणि फवारणीच्या औषधाचा डबा, रिकामासुद्धा, शाळेच्या कोठीत येता कामा नये.

दुसरा बिंदू शिजवण्याचा. खिचडीच्या मध्यभागी निदान 75 अंश सेल्सियस तापमान हवं. खदखदणाऱ्या खिचडीला हे सहज जमतं, तरी टोप उतरवण्याआधी ढवळून तीन ठिकाणी सळईचा डिजिटल थर्मामीटर खुपसून पाहायचा. थर्मामीटरही अधूनमधून तपासावा लागतो. ठेचलेल्या बर्फाच्या पाण्यात त्याने शून्य दाखवायला हवं. उकळत्या पाण्यात पुण्याच्या उंचीवर साधारण 98 दाखवेल. तिथे 100 दिसलं तर खूश होऊ नये, यंत्र चुकतंय.

सगळ्यात दुर्लक्षित बिंदू तिसरा. तांदळात बॅसिलस सिरियस आणि डाळी-मसाल्यांत क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जंतूंचे बीजाणू असू शकतात, आणि ते शिजण्यातूनही वाचतात. अन्न कोमट झालं की ते जागे होतात. परफ्रिंजेन्सला 43 ते 47 अंशांची ऊब सगळ्यात मानवते. तिथे तो सुमारे 10 मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे तासाभरात 64 पट आणि दोन तासांत चार हजार पट. 60 अंशांच्या वर मात्र ही वाढ थांबते. म्हणून आराखड्यात थोडं अंतर राखून 65 ही मर्यादा घालायची.

भरलेला, झाकलेला टोप दोन तास चांगला गरम राहतो. खरी गडबड वाढण्याच्या बादलीत होते. सोयीसाठी सगळ्या बादल्या सुट्टीआधीच भरून वर्गाबाहेर ओळीने ठेवल्या जातात. बादली लहान आणि उघडी, त्यामुळे ती झपाट्याने निवते. तापमान टोपाचं मोजलं तर 80 येतं, नोंदवही खूश होते, आणि शेवटच्या वर्गातल्या बादलीत 50 असतं. तेव्हा मोजायचं ते शेवटच्या बादलीतलं. बादली अर्धीच भरायची आणि पुन्हा टोपाकडे जायचं.

बादली 65च्या खाली गेली तर काय करायचं, हे आधीच लिहून ठेवायला हवं. नुकतंच मोजलं तेव्हा ती गरम होती, हे नोंदीवरून दिसत असेल तर खिचडी पुन्हा 75पर्यंत तापवून वाढता येते. किती वेळ कोमट होती हे कुणालाच सांगता येत नसेल तर ती टाकायची. ‘पुन्हा उकळली की झालं’ हा समज इथे घातक ठरतो. बॅसिलस सिरियसचं उलटी आणणारं विष एकदा तयार झालं की 121 अंशांवर तासाहून जास्त टिकतं. त्याला वास नाही, चव नाही. मुलांना वाढण्याआधी शिक्षकांनी चव घेऊन रजिस्टरमध्ये सही करण्याचा नियम चांगलाच आहे, पण तो या विषाला अडवू शकत नाही.

टोपभर अन्न फेकायचं म्हणजे मुलं उपाशी राहणार, आणि या भीतीनेच संशयास्पद खिचडी वाढली जाते. आराखडा बहुधा इथेच मोडतो. त्यासाठी कोठीत फुटाणे, शेंगदाण्याची चिक्की असा एका जेवणाचा कोरडा साठा हवा. तो नसेल तर ‘टाकून द्यावे’ हे वाक्य कागदावरच राहणार.

नोंदी तीनच ठेवायच्या: तेलाचं पाकीट, टोपाचं तापमान, शेवटच्या बादलीचं तापमान आणि वेळ. आठवड्यातून एकदा मुख्याध्यापकांनी स्वतः मोजून त्या पडताळायच्या. रोजच्या जेवणाचा नमुना झाकून 24 तास ठेवायचा, म्हणजे काही घडलंच तर तपासायला हाती काही असेल. तुमचं मूल अशा शाळेत जेवत असेल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीला जा आणि चव रजिस्टरसोबत काल शेवटच्या बादलीत किती अंश होते, तेही विचारा.