दीडशे सदनिका आणि चोवीस एमबी

आमच्या सोसायटीचा देखभाल-खर्चाचा हिशेब एका एक्सेल फाइलीत आहे. दीडशे सदनिका, आठ रकाने. एवढा मजकूर खरं तर शंभर केबीतही बसावा. पण सचिवांनी पाठवलेली फाइल चोवीस एमबीची होती आणि उघडायला दोन मिनिटं घेत होती. त्यांना वाटलं, संगणक जुना झाला. दोष संगणकाचा नव्हता.

मी फाइल उघडून `Ctrl+End` दाबलं. या कळा एक्सेलच्या मते पानाचा जो शेवट असेल तिथे नेतात. नोंदी १५४व्या ओळीला संपत होत्या, पण मी पोहोचलो १०,४८,५७६व्या ओळीला, म्हणजे पानाच्या अगदी तळाला. कुणीतरी चौकटीच्या रेघा मारताना `Ctrl+Shift+↓` दाबलं होतं. खाली सगळं रिकामं असलं की ही निवड थेट तळाशी जाते. मग आठ रकान्यांतल्या प्रत्येक रिकाम्या घराला रेघा लागल्या, आणि अशी घरं झाली ऐंशी लाखांहून जास्त. एक्सेल प्रत्येकाची नोंद वेगळी लिहून ठेवतं. `.xlsx` ही मुळात झिप फाइल असल्यामुळे हा पसारा दाबून चोवीस एमबीत मावला होता. उघडताना मात्र तो सगळा उलगडावा लागतो. रकान्याच्या माथ्यावरच्या अक्षरावर क्लिक करून पूर्ण रकान्याला रूप दिलं असतं, तर ते एकाच नोंदीत भागलं असतं.

उपाय करण्याआधी फाइलीची प्रत काढून ठेवा. मग शेवटच्या नोंदीखालची ओळ क्रमांकावरून निवडा, `Ctrl+Shift+↓` दाबा, उजव्या क्लिकने `Delete` निवडा आणि फाइल सेव्ह करा. इथे बहुतेकजण कळफलकावरची डिलीट कळ दाबतात आणि फसतात, कारण ती फक्त मजकूर पुसते, रेघा तशाच राहतात. सेव्ह केल्यावर पुन्हा `Ctrl+End` दाबून पाहा.

एवढं केल्यावरही फाइल दोन एमबीची उरली. `Alt+F10` दाबल्यावर उजवीकडे पानावरच्या वस्तूंची यादी उघडली. बँकेच्या संकेतस्थळावरून उतारा चिकटवताना तिथली बारीक चित्रंही आली होती. पुढे त्या ओळी लपवल्या गेल्या आणि चित्रं नजरेआड झाली. मी ती यादीतून काढली. मात्र सोसायटीचा शिक्काही त्याच यादीत होता, म्हणून सरसकट सगळं पुसू नका.

उरल्या शैली. दुसऱ्या फाइलीतलं पान आणलं की तिच्या शैलीही सोबत येतात आणि पान काढलं तरी मागे राहतात. त्यांनी आकार थोडाच वाढतो, पण घरांची वेगवेगळी रूपं सुमारे चौसष्ट हजारांपलीकडे गेली की एक्सेल नवं रूप द्यायला नकार देतं. `Cell Styles` मध्ये उजव्या क्लिकने त्या एकेक काढता येतात. वापरातली शैली काढलीत तर त्या घरांचं रूप साधं होतं.

आमची फाइल आता नव्वद केबीची आहे.