झाकायच्या आधी बघ

पहिलं घर बांधायला निघालेल्या भाच्याला, निवृत्त साइट सुपरवायझर मामाचं पत्र

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला नकाशा नीट बघितला. ३० बाय २५ फुटांचं घर, वर गच्ची, आणि पुढेमागे मजला चढवायचा म्हणून आत्ताच समोर ४ फूट बाहेर काढलेली गॅलरी. इंजिनीअरने सळयांचा वेगळा नकाशा दिलाय हे बरं झालं, कारण मी सांगणार ते सगळं त्या कागदाला धरूनच आहे.

बांधकामात रोज जाऊन उभं राहिल्याने काही साधत नाही. खड्ड्याचा तळ काँक्रीटखाली जातो, सळया स्लॅबच्या पोटात जातात, भिंतीचे दोष प्लॅस्टरखाली जातात. म्हणून ठेका ठरवतानाच कागदावर लिहून घे, की पाया भरण्याआधी, स्लॅब ओतण्याआधी आणि प्लॅस्टर लावण्याआधी एक दिवस काम थांबेल, इंजिनीअर आणि तू बघाल, मगच पुढे जाईल. त्या दिवशी टेप धरून फोटो काढ.

पाया: किती खोल नव्हे, कशावर

ठेकेदार सांगेल, "पाच फूट खणलंय." लातूरकडच्या आपल्या जमिनीत या उत्तराला अर्थ नाही. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया तिच्यात टेकला तर घर दरवर्षी थोडं वरखाली होतं, आणि सगळे कोपरे सारखे हलत नाहीत. मग दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या चिरा निघतात. त्या कितीही बुजवल्या तरी पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघडतात. म्हणून प्रत्येक खड्डा टणक मुरमापर्यंत गेला पाहिजे. एका कोपऱ्यात मुरूम ४ फुटांवर लागेल, दुसऱ्यात ७ फुटांवर. फुटावर पैसे ठरले असतील तर जादा खोलीचा दर आधीच ठरव, नाहीतर नेमका तोच खड्डा उथळ राहील.

खड्ड्यात उतरून पहार उभी आपट. मातीत ती रुतते. टणक मुरमावर ठण्ण आवाज येऊन उसळते आणि बारीक कपच्या उडतात. ही खूण झाली. शेवटचा निर्णय इंजिनीअरने प्रत्येक खड्डा बघून द्यायचा. रात्री पाऊस पडून तळ मऊ झाला असेल तर तो चिखल खरवडून काढायला लाव. चुकून जास्त खणलं गेलं तर निघालेली माती परत टाकून दाबू देऊ नको, ती जागा गरीब काँक्रीटने भर.

तळावर ४ इंच पीसीसी आणि त्यावर फूटिंगची जाळी येईल. जाळीखाली ५० मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक हवेत. विटेचा तुकडा किंवा खडी सरकवलेली दिसली तर काढायला लाव. वीट पाणी शोषते, ते सळईपर्यंत जातं, आणि गंजलेली सळई फुगून काँक्रीट आतून फोडते. कॉलमच्या सळया रेषेवर आहेत का, हे दोरी ताणून आत्ताच बघ. पुढे कॉलम रेषेबाहेर गेलाय असं लक्षात आलं की कामगार सळया वाकवून जागेवर आणतात. नेमकं सगळ्यात जास्त वजन जिथे येतं तिथेच त्या वाकड्या होतात.

रिंगांची टोकंही तपास. ती काटकोनात बाहेर नकोत, आतल्या काँक्रीटकडे १३५ अंशांत वळलेली आणि निदान तीन इंच लांब हवीत. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप तुझ्या आईला आठवतो. तिथे पडली ती जाड दगड-मातीच्या भिंतींची घरं, तुझं कॉलम-बीमचं आहे. पण धक्क्यात कॉलमवरचं कव्हर निखळलं की काटकोनी टोक उघडतं, रिंग सैल होते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. आत वळलेलं टोक पकड सोडत नाही.

जोत्यात भरायला खड्ड्यातून निघालेली काळी माती वापरू देऊ नको, नाहीतर फरशी उचलेल. मुरूम भरायचा, सहा-आठ इंचांच्या थराने, पाणी मारून आणि धुम्मस करून.

स्लॅब: वरची सळई वरच राहिली का?

पैसे सगळ्यात जास्त लागतात ते या दिवशी, आणि गडबडही याच दिवशी होते. मी एकच गोष्ट सविस्तर सांगतो, कारण लोक नेमकी तीच बघत नाहीत.

दोन बीमच्या मधला स्लॅब खाली वाकायला बघतो, म्हणून तिथे ताण खालच्या अंगाला येतो आणि मुख्य सळया खाली असतात. बीमच्या डोक्यावर उलटं होतं, ताण वरच्या अंगाला येतो. गॅलरी तर एका कडेनेच धरलेली असते, म्हणून तिचा सगळा ताण वर. तिच्या मुख्य सळया वरच असाव्या लागतात आणि मागे स्लॅबमध्ये नकाशात दिल्याइतक्या लांब जाव्या लागतात.

तुझा स्लॅब ५ इंच, म्हणजे १२५ मिलिमीटर जाड. वरची सळई पृष्ठभागाखाली २० मिलिमीटरवर असेल, तर खालच्या अंगापासून ती साधारण १०० मिलिमीटर उंचीवर येते. स्लॅबची ताकद या उंचीवर अवलंबून असते. आता घमेली घेतलेले मजूर त्या जाळीवरून येजा करतात, आणि सळई ४० मिलिमीटर खाली दबते. उरले ६०. सिमेंट तेवढंच, लोखंड तेवढंच, बिलही तेवढंच, पण गॅलरीची वजन पेलण्याची शक्ती साधारण शंभरातून साठावर आली. सळई तळाला टेकली तर ती गॅलरी नुसत्या काँक्रीटवर लटकते. एका बंगल्याच्या साइटवर मी असंच बघितलं होतं. टेकू काढले त्याच आठवड्यात, गॅलरी बीमला मिळते तिथे वरच्या बाजूने सरळ चीर धावली. तोडून पाहिलं तर सळया जवळजवळ तळाला होत्या. ती गॅलरी पाडूनच नवी करावी लागली.

उपाय स्वस्त आहे. वरच्या जाळीखाली सळईच्या चेअर हव्यात, साधारण तीन-तीन फुटांवर आणि नीट बांधलेल्या. चालायला जाळीवर फळ्या टाकायच्या. ओतताना बार बेंडरचा एक माणूस गॅलरीपाशीच ठेवायला सांग. दबलेली सळई आकड्याने उचलणं हेच त्याचं काम. आदल्या संध्याकाळी सेंटरिंगच्या प्लेटपासून वरच्या सळईपर्यंत टेप लावून तू मोज. ओतताना गॅलरीत दोन-तीन ठिकाणी पुन्हा मोज.

दुसरी गोष्ट पाण्याची. ३० बाय २५ फूट आणि ५ इंच जाडी म्हणजे सुमारे ३१२ घनफूट, नऊ घनमीटरच्या आसपास. १:१.५:३ या प्रमाणात त्याला ७० गोण्या सिमेंट लागेल, बीमचं वेगळं. एका गोणीला ३० लिटरच्या वर पाणी नको, म्हणजे १५ लिटरच्या दोन बादल्या. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. माल पातळ असला की पसरायला सोपा जातो, म्हणून मिक्सरवाला पाइप सोडून देतो. गोणीमागे दहा लिटर जादा गेले तर काँक्रीटची ताकद साधारण तिसऱ्या हिश्शाने घटते, कारण ते पाणी नंतर उडून जातं आणि मागे पोकळ्या राहतात. पाइप बंद करायला लाव, बादली ठेव, आणि मिक्सरपाशी घरचा एक माणूस उभा कर. माल कोपऱ्यांत नीट बसण्यासाठी पाणी नको, व्हायब्रेटर हवा. तो बंद पडू शकतो म्हणून दुसरा साइटवर असल्याशिवाय सुरुवात करू देऊ नको.

दुसऱ्या दिवशी स्लॅबवर वाफे करून पाणी साठव. हल्ली मिळणारं बहुतेक सिमेंट पीपीसी असतं, त्याची ताकद हळू चढते, म्हणून किमान १० दिवस पाणी हवंच. १४ केलेस तर उत्तम. सेंटरिंगचं भाडं वाचवायला ठेकेदार टेकू लवकर मागेल. स्लॅबच्या टेकूंना १४ दिवस आणि बीम-गॅलरीच्या टेकूंना २१ दिवस हात लावू देऊ नको. गॅलरीचे टेकू सगळ्यात शेवटी आणि बाहेरच्या टोकाकडून आत काढत यायचे. आधी बीमकडचे काढले तर गॅलरीला नको त्या जागी ताण बसतो.

प्लॅस्टर: भिंत सरळ करायचं साधन नव्हे

प्लॅस्टरआधी प्रत्येक भिंतीला ओळंबा लाव. आतलं प्लॅस्टर १२ मिलिमीटर, बाहेरचं दोन थरांत २० मिलिमीटर असावं. भिंत वाकडी असली की गवंडी तिथे दीड-दोन इंच माल थापून ती सरळ दाखवतो. तो जाड थर स्वतःच्या वजनाने सुटतो. गवंड्याने आधी थिय्ये लावले, की कुठे किती जाडी येणार ते तुला मोजता येईल. जास्त येत असेल तिथे जाळी मारून दोन थरांत करायला लाव.

विटा आणि काँक्रीट उन्हात सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून बीमखाली आणि कॉलमशेजारी नेमकी रेघ पकडून चीर येते. त्या सांध्यावर दोन्हीकडे पसरलेली चिकन मेश खिळ्यांनी घट्ट बसवलेली हवी. विजेच्या पाइपांसाठी फोडलेल्या खाचाही आधी मालाने भरून त्यावर मेश मारायची. गुळगुळीत बीम-कॉलमला टाचे मारलेले हवेत, नाहीतर प्लॅस्टर धरत नाही. भिंत आदल्या दिवशी भिजवलेली असावी. कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते.

वाळूत माती किती आहे, ते घरीच बघ. काचेच्या बाटलीत अर्धी वाळू आणि वर पाणी घाल, हलव, तीन तास ठेव. वाळूवर बसलेला गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या आठ टक्क्यांहून जास्त नको. पाणी घातलेला माल अर्ध्या तासात संपला पाहिजे. जेवणाच्या सुट्टीनंतर परत पाणी मारून मळलेला माल परत पाठव. वरून कोरडं सिमेंट शिंपडून घासू देऊ नको. त्याने भिंत चकचकीत दिसते, पण केसांसारख्या बारीक चिरांचं जाळं उमटतं.

प्लॅस्टरला आठवडाभर दोन-तीनदा पाणी मार. नंतर हातोडीच्या दांड्याने भिंत वाजवत फिर. बद्द आवाज येईल ती जागा पोकळ. खडूने गोल कर आणि तेवढं काढून पुन्हा करून घे. रंगवाल्याला त्यानंतरच बोलाव.

ठेकेदाराचे हप्तेही याच तीन थांब्यांना बांध. इंजिनीअरची सही झाली की त्या टप्प्याचे पैसे लगेच दे, ताटकळत ठेवू नको. वेळेवर पैसे मिळणारा ठेकेदार दुरुस्ती सांगितली तर कुरकुरत नाही. एकूण रकमेतले पाच टक्के मात्र पहिला पावसाळा संपेपर्यंत राखून ठेव, आणि तसं करारात आधीच लिहून घे. गच्ची, गॅलरीचा सांधा आणि बाहेरच्या भिंती कुठे ओलावतात, ते पावसाशिवाय कळत नाही.

तुझा,
मामा