४८ अधिक २७ : वही मिटून

तिसरीच्या वर्गात फळ्यावर ४८ + २७ असं आडवं लिहिलं आणि वह्या मिटायला सांगितल्या, की मुलांच्या रीती लगेच वेगळ्या दिसू लागतात. कुणी हवेतच उभी मांडणी करून ‘आठ आणि सात पंधरा, हातचा एक’ असं पुटपुटतं. कुणी ४८ च्या पुढे बोटांवर मोजायला लागतं आणि साठीच्या आसपास कुठेतरी चुकतं. एखादी मुलगी मात्र २७ मधले दोन काढून ४८ ला देते, पन्नास करते, उरलेले २५ मिळवते आणि ‘पंच्याहत्तर’ म्हणून मोकळी होते.

तिने जे केलं त्याला ‘दहा पूर्ण करणे’ म्हणतात. याची सुरुवात ८ + ५ सारख्या छोट्या बेरजेपासून होते. आठला दहा व्हायला दोन हवेत, पाचातून दोन घेतले की तीन उरतात, दहा आणि तीन तेरा. एवढ्याशा बेरजेतही तीन गोष्टी पक्क्या असाव्या लागतात: दहाच्या जोड्या (८ आणि २, ७ आणि ३, ६ आणि ४), कोणतीही छोटी संख्या हवी तशी फोडता येणं, आणि दहात एखादा अंक मिळवल्यावर काय होतं ते न मोजता सांगता येणं. तिसरीतलं एखादं मूल ४८ + २७ ला अडत असेल, तर मुळात यांपैकी काय कच्चं आहे ते आधी तपासावं.

ही युक्ती डोळ्यांना दाखवायला शंभर मण्यांची गणितमाळ फार उपयोगी पडते. तिच्यात दहा मणी एका रंगाचे, पुढचे दहा दुसऱ्या रंगाचे, असे ओवलेले असतात. ४८ व्या मण्यानंतर कपड्याचा चिमटा लावला, की त्या रंगाचे दोनच मणी उरलेत हे मुलांना न सांगता दिसतं. ते दोन घेतले की पन्नास, पुढे दोन दशक घेतले की सत्तर, आणखी पाच घेतले की पंच्याहत्तर. काही दिवसांनी माळ भिंतीवरच ठेवावी आणि मुलांना ती डोळे मिटून आठवायला सांगावी. हाताळण्यापासून मनात मोजण्यापर्यंतची ही पायरी गाळली, तर माळ समोर असेपर्यंतच उत्तर बरोबर येतं.

शिक्षकाच्या खऱ्या उपयोगाची असतात ती चुकलेली उत्तरं. याच बेरजेचं उत्तर कुणी ७७ सांगितलं, तर त्याने ४८ ला दोन दिले, पण २७ मधून ते कमी केलेच नाहीत, असं असू शकतं. त्याला दोन ढीग करून खडे इकडचे तिकडे हलवायला द्यावेत. ७४ सांगणाऱ्याने बहुधा ६८ पर्यंत बरोबर येऊन पुढचे सात मोजताना ६८ लाच ‘एक’ म्हटलेलं असतं. आणि ६५ म्हणणारा हवेतल्या मांडणीत हातचा विसरलेला असण्याची शक्यता मोठी.

दुसरी युक्ती दुपटीची. सहा आणि सहा बारा हे मुलांना लवकर पाठ होतं. त्यावरून सहा आणि सात तेरा, आणि तिसरीत २५ + २६ म्हणजे पन्नास आणि एक. इथेही एक ठरावीक चूक होते. २५ + २४ ला मुलं पन्नासात एक मिळवून ५१ म्हणतात, कारण त्यांनी ‘दुप्पट आणि एक’ एवढंच लक्षात ठेवलेलं असतं. दुसरी संख्या पंचविसापेक्षा मोठी की लहान, हा प्रश्न आधी विचारला की ही चूक टळते.

दुपटीचा मोठा लाभ गुणाकारात होतो. साताचा पाढा अडला, तरी सात दुणे चौदा येत असतं. चौदाची दुप्पट २८, म्हणजे सात चोक. २८ ची दुप्पट करताना वीस आणि वीस चाळीस, आठ आणि आठ सोळा, एकूण ५६, म्हणजे सात आठे. इथे दुप्पट आणि दशक दोन्ही एकत्र कामाला येतात.

पण प्रत्येक बेरजेला युक्ती लागत नाही. ४३ + २५ मध्ये चाळीस आणि वीस साठ, तीन आणि पाच आठ, एवढंच पुरतं. तिथे मुद्दाम दहा पूर्ण करायला लावलं तर काम वाढतं. म्हणून ‘आज याच पद्धतीने करा’ असं म्हणण्यापेक्षा तासाच्या सुरुवातीला एकच उदाहरण द्यावं, मुलांच्या दोन-तीन रीती त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहाव्यात आणि या संख्यांना कोणती सोपी पडली ते त्यांनाच ठरवू द्यावं.

शिक्षकांनी यासाठी रोजची दहा मिनिटं राखून ठेवावीत. आणि ७७ वर फुली मारण्याआधी त्या मुलाला विचारावं, ‘कसं काढलंस, सांग बरं.’ पुढच्या दिवशी काय शिकवायचं, हे त्याच्या उत्तरावरून ठरवावं.