बिलाच्या मेलला विषय काय द्यावा?

चाकणच्या एका कारखान्यातले एसी सांभाळण्याचं वार्षिक कंत्राट एका छोट्या फर्मकडे आहे असं धरू. दर महिन्याचं बिल 40,000 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 7,200 रुपये, एकूण 47,200. महिना संपला की फर्मचे मालक बिलाची पीडीएफ करतात, मेलला जोडतात, विषयाच्या रकान्यात Bill किंवा Invoice attached लिहितात आणि पाठवून देतात. काम चोख, बिल अचूक. तरी दोन महिन्यांनी पैशांची चौकशी करायला फोन केला की पलीकडून ठरलेलं उत्तर येतं: "बिल मिळालेलं दिसत नाही, परत पाठवा ना."

अकाऊंट्समधली माणसं टाळाटाळ करताहेत, असं समजून बरेच व्यावसायिक चिडतात. मी अकाऊंट्सच्या बाजूला बसून काम केलं आहे, म्हणून सांगतो: अनेकदा त्यांना ते बिल खरोखरच सापडत नसतं. मेल आलेला असतो, पण तो हुडकून काढण्यासाठी त्यांच्याकडे जे शब्द आणि आकडे असतात, त्यातलं काहीच मेलच्या विषयात नसतं.

बिल आलं की आधी ते पीओशी, म्हणजे पर्चेस ऑर्डरशी जुळवायचं असतं. माल आला किंवा काम झालं याची नोंद स्टोअर्सने किंवा संबंधित विभागाने केली आहे का, हे पाहायचं असतं. मग बिल बुक होतं आणि मुदत भरली की पेमेंटच्या यादीत चढतं. अकाऊंट्सच्या सामाईक मेलपेटीत दिवसभर अशी बिलं येत राहतात. ज्या मेलच्या विषयातच पीओ नंबर दिसतो, तो संबंधित माणूस लगेच उचलतो. नुसतं Invoice लिहिलेला मेल मात्र उघडावा लागतो, पीडीएफ उतरवून घ्यावी लागते आणि पीओ नंबर शोधावा लागतो. महिनाअखेरीच्या गर्दीत तो "नंतर बघू" म्हणून मागे पडतो. एकदा उघडून बंद केलेला मेल न वाचलेल्यांच्या यादीतून जातो, आणि मग त्याच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही.

मोघम विषयाला आणखी एक अडचण आहे. खोट्या बिलाची फाइल जोडून व्हायरस पसरवणं ही जुनी चाल आहे. जानेवारी 2021 मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून ज्याचं जाळं मोडलं, तो एमोटेट असाच बिलाच्या नावाने येणाऱ्या मेलमधून पसरत असे. त्यामुळे अनोळखी पत्त्यावरून आलेला, Invoice attached एवढाच विषय असलेला मेल सावध माणूस उघडत नाही. ते योग्यच आहे. कंपनीचा स्वतःचा पीओ नंबर विषयात दिसला, तर निदान मेल कामाचा वाटतो.

खरी परीक्षा मात्र पुढे, जुळणीच्या वेळी होते. फर्मने आपलं जीएसटीआर-1 विवरणपत्र भरलं की त्यातलं प्रत्येक बिल खरेदीदार कंपनीच्या जीएसटीआर-2बी या तक्त्यात दिसतं. हा तक्ता एरवी पुढच्या महिन्याच्या 14 तारखेला तयार होतो. त्यात पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, बिल नंबर, तारीख आणि रक्कम असते. अकाऊंट्समधला माणूस तो आपल्या वहीशी ताडून पाहतो. तक्त्यात बिल आहे पण वहीत नाही, असं निघालं तर 7,200 रुपयांचं क्रेडिट कंपनीला घेता येत नाही. 2025-26 सालच्या बिलाचं क्रेडिट घ्यायची मुदत 30 नोव्हेंबर 2026 पर्यंत, आणि वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरलं तर तोवरच. मग तो माणूस काय करतो? तक्त्यातला बिल नंबर जसाच्या तसा उचलतो आणि मेलच्या शोधाच्या चौकटीत टाकतो.

म्हणून विषय लिहिताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा. पलीकडचा माणूस हे बिल शोधायला बसेल, तेव्हा त्याच्यासमोर कोणता आकडा असेल? पुरवठादाराचा बिल नंबर आणि स्वतःच्या कंपनीचा पीओ नंबर, हेच ते दोन आकडे. जीएसटीआर-1 मध्ये AC-25-26-0147 भरलंय, पीडीएफवर AC/147 छापलंय आणि विषयात "जून महिन्याचे बिल" लिहिलंय, असं असेल तर शोध रिकामा येतो. पीडीएफच्या आतला मजकूर काही वेळा शोधात येतो, पण मोबाइलवर फोटो काढून पाठवलेल्या बिलाच्या बाबतीत त्यावर विसंबता येत नाही.

आपल्या एसीवाल्या फर्मच्या जूनच्या बिलाला मी असा विषय देईन:

```
Invoice AC-25-26-0147 | PO 4500012345 | AC AMC Jun 2025 | ABC Cooling
```

यातला क्रम मुद्दाम तसा ठेवला आहे. मोबाइलवर विषयाची साधारण पस्तीस-चाळीस अक्षरंच दिसतात, पुढचं कापलं जातं. वरच्या ओळीतले दोन्ही नंबर पहिल्या सदतीस अक्षरांत बसतात. त्यानंतर काम आणि महिना येतो. महिना अक्षरांत लिहावा. 05/06 म्हणजे पाच जून की सहा मे, हा गोंधळ परदेशी कंपन्यांशी व्यवहार असेल तर हमखास होतो. शेवटी फर्मचं नाव. पाठवणाऱ्याच्या जागी नाव दिसतंच, मग पुन्हा कशाला, असं वाटेल. पण फर्म बऱ्याचदा बिल पाठवते ते ओळखीच्या पर्चेस ऑफिसरला, आणि तो ते अकाऊंट्सकडे फॉरवर्ड करतो. त्यानंतर अकाऊंट्सच्या पेटीत पाठवणारा म्हणून त्या ऑफिसरचंच नाव राहतं. फर्मच्या नावाने शोधणाऱ्याला मेल सापडेल, तो विषयात नाव असेल तरच.

रक्कम विषयात घालावी का, यावर मतं वेगळी आहेत. मी घालत नाही. रक्कम कुणी स्वल्पविराम देऊन लिहितं, कुणी न देता; टीडीएस कापल्यावर मिळणारा आकडा वेगळाच असतो, आणि फोनच्या बंद पडद्यावरच्या सूचनेत ती कुणालाही दिसते. रक्कम मेलच्या पहिल्या ओळीत असली की पुरे.

बिल नंबर कसा बांधलाय यावरही शोध अवलंबून असतो. जीएसटीच्या नियम 46 नुसार नंबर सोळा अक्षरांपेक्षा मोठा नसावा आणि त्या आर्थिक वर्षात दुसऱ्या बिलाला नसावा. त्यात अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि तिरपी रेघ चालते. आपल्याकडे तिरपी रेघ फार लाडकी आहे. पण विंडोजमध्ये फाइलच्या नावात ती चालत नाही. मग पीडीएफला वेगळं नाव द्यावं लागतं आणि बिल, विषय व फाइल यांचे नंबर वेगवेगळे होतात. एक एप्रिलला नवी मालिका सुरू करताना आडवी रेघ निवडली की हा प्रश्नच उरत नाही, फाइलचं नावही AC-25-26-0147.pdf असंच राहतं. आकडे एकाला एक चिकटवूही नयेत. जीमेल शब्दाच्या मधला तुकडा शोधत नाही, त्यामुळे AC25260147 लिहिलं तर नुसतं 0147 टाकून ते हाती लागत नाही.

मराठी विषयाचं काय? गृहनिर्माण सोसायटी, शाळा, ग्रामपंचायत यांना बिल पाठवताना विषय मराठीत खुशाल लिहावा, कारण तिथे शोधणाराही मराठीतच शोधतो. फक्त बिल नंबर बिलावर छापलाय त्याच अंकांत आणि अक्षरांत ठेवावा. ४२ लिहिलेलं 42 टाकून सापडेलच याची खात्री नसते.

सगळ्यात जास्त बिलं हरवतात ती मात्र जुन्या मेलला उत्तर म्हणून पाठवण्याच्या सवयीमुळे. पत्ता पुन्हा टाइप करायला नको म्हणून मालक गेल्या वर्षीचा कोटेशनचा मेल उघडतात, Reply दाबतात आणि बिल जोडतात. विषय राहतो Re: Re: AC quotation. जीमेलमध्ये हे उत्तर जुन्या संभाषणाच्या पोटात जातं. मग जून, जुलै, ऑगस्टची बिलं एकाच ओळीखाली साचतात. त्यातलं एक बुक झालं की सगळंच संभाषण झालं असं वाटतं. प्रत्येक बिलासाठी कोरा मेल घ्यावा आणि एका मेलमध्ये एकच बिल ठेवावं. तीन बिलं एकत्र पाठवली आणि एकात चूक निघाली, तर उरलेली दोनही त्याच्यासोबत अडकून पडतात.

स्मरणपत्राचा नियम नेमका उलटा. पहिली आठवण मूळ मेललाच उत्तर म्हणून द्यावी आणि विषयाला हात लावू नये, म्हणजे बिल कधी पाठवलं होतं हे तिथेच दिसतं. विषय बदलला की जीमेल नवं संभाषण सुरू करतं. पीडीएफ मात्र पुन्हा जोडावी, कारण उत्तर देताना जुनी जोडलेली फाइल सोबत जात नाही. मुदत उलटून गेली तर नवा मेल, आणि त्याचा विषय असा:

```
Overdue since 30 Jul: Invoice AC-25-26-0147 | PO 4500012345 | ABC Cooling
```

URGENT किंवा तीन उद्गारचिन्हं यापेक्षा तारीख जास्त काम करते, कारण त्यावर समोरच्याला काहीतरी ठरवावं लागतं. फर्म सूक्ष्म किंवा लघुउद्योग म्हणून नोंदलेली असेल, तर 2006 च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे करारात काहीही लिहिलं असलं तरी माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून 45 दिवसांपलीकडे पैसे रोखता येत नाहीत. करारच नसेल तर 15 दिवस. त्या वेळी बिल केव्हा पोचलं हे दाखवणारा, पटकन सापडणारा मेल फार उपयोगी पडतो.

दुरुस्त केलेलं बिल जुन्याच विषयाने पाठवलं तर दोन्ही बुक होण्याचा किंवा दोन्ही थांबण्याचा धोका असतो. तिथे सुरुवातीलाच Revised लिहावं आणि कोणत्या तारखेच्या मेलऐवजी हे बिल धरायचं, ते मजकुरात सांगावं.

एवढं करूनही काही बिलं अडतात. पीओवरची रक्कम संपलेली असते, किंवा काम झाल्याची नोंद शॉपवरच्या इंजिनीअरने केलेलीच नसते. विषय कितीही नेटका असला तरी ते त्याच्या हातात नाही. पण मग फोनवरचं उत्तर बदलतं. "बिल मिळालं नाही" याऐवजी "सर्व्हिस एंट्री बाकी आहे" असं कळतं, आणि कुणाच्या मागे लागायचं ते समजतं.

बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून मेल जात असतील तर त्यात आधीपासून ठरवलेला विषय तपासून पाहावा. तो कधी कधी Invoice from आणि फर्मचं नाव एवढाच असतो. सेटिंगमध्ये मेलचा नमुना बदलता येत असेल तर बिल नंबरापुढे पीओचा रकाना जोडून घ्यावा. मग गेल्या सहा महिन्यांतलं एखादं बिल निवडून स्वतःच्याच जीमेलमध्ये हे टाकून बघावं:

```
in:sent subject:"AC-25-26-0147" has:attachment
```

एकच मेल समोर आला तर विषय बरोबर जमला आहे. एकही आला नाही, किंवा दहा आले, तर कंपनीतल्या माणसालाही तसंच दिसत असणार.