दिवाळीची भेटपेटी आणि माघातला गूळ

सभासद बंधू-भगिनींनो,

आपल्या एका सभासदांची कन्या ठाण्याजवळ कोलशेतला दिली आहे. घरबसल्या ती दिवाळीच्या भेटपेट्या, म्हणजे शहरात ज्यांना गिफ्ट हॅम्पर म्हणतात त्या, ऑनलाइन विकते. पेटीत गूळ पावडर, गुळाच्या छोट्या वड्या, शेंगदाणा चिकटी नव्हे तर चिक्की आणि एक पणती असते. मध्यंतरी ठाण्यास जाणे झाले तेव्हा तिचे काम पाहिले. गूळ हा आपला विषय, म्हणून चार गोष्टी येथे मांडतो.

पहिल्या वर्षी तिने गूळ घेतला सप्टेंबरात. त्या वेळी बाजारात असतो तो पावसाळा काढलेला जुना गूळ. गूळ हवेतला ओलावा ओढतो आणि ठाण्याची हवा तर खाडीकाठची. पंधरा दिवसांत वड्या पाझरल्या, वेष्टने चिकटली आणि निम्मा माल टाकावा लागला. नवा गूळ म्हणावा, तर गुऱ्हाळे पाऊस सरल्यावर पेटतात. म्हणजे दिवाळीच्या पेटीसाठी तो वेळेवर मिळत नाही. २०२६ सालचे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, पण २०२५ साली दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातच आली होती. तेव्हा नव्या गुळावर भिस्त ठेवणे धोक्याचेच.

यावर उपाय एकच. गूळ माघ-फाल्गुनात, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऊस पक्व असताना करून घ्यावा आणि वळवाच्या आधी हवाबंद पाकिटात सील करावा. साठवणीला ढेपेपेक्षा पावडर बरी. ढेपेत ५ ते ७ टक्के ओलावा राहतो, तर पावडर नीट वाळवली की तो २ टक्क्यांच्या आसपास येतो. परीक्षा सोपी आहे. पावडर मुठीत दाबून सोडावी. मोकळी सांडली तर ठीक, गोळा राहिला तर पुन्हा वाळवावी.

मुदतीचा हिशेब पॅकिंगच्या वेळीच करावा. ऑनलाइन विकलेला खाद्यपदार्थ घरपोच होताना मुदतीचे ३० टक्के किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा दंडक आहे. फेब्रुवारीच्या मालाची मुदत बारा महिने असेल तर नोव्हेंबरात तीन महिने उरतात. मुदत नऊच महिने असेल तर तो माल दिवाळीला चालणार नाही. चिक्की मात्र आधी करू नये, ती दसऱ्यानंतरच ताजी करावी.

आता कचेऱ्यांच्या मागणीविषयी. वागळे इस्टेट, घोडबंदर रोड या भागातल्या कचेऱ्या भेटी ठरवतात गणपतीच्या आगेमागे. त्याआधीच, ऑगस्टात, नमुना पेटी व दरपत्रक त्यांच्या टेबलावर पाहिजे. धरून चालू की २०० पेट्यांची मागणी आली. पेटीत अर्धा किलो पावडर व पाव किलो वड्या, म्हणजे गूळ १५० किलो. फूटतूट धरून १६० किलो लागेल. हा माल वेगळा मांडून ठेवावा. नाहीतर तोच ऑनलाइन गिऱ्हाइकांना विकला जातो आणि ऐनवेळी तोंडघशी पडायची पाळी येते. कचेरीचे पैसे महिना-दीड महिन्याने मिळतात, म्हणून लेखी ऑर्डर आणि निम्मी आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय पेट्या बांधू नयेत.

जीएसटीचीही एक मेख आहे. वेगवेगळ्या वस्तू एकाच किमतीत दिल्या, तर त्यांतल्या सर्वांत जास्त दराच्या वस्तूचा कर सगळ्या पेटीला लागतो. पाकीटबंद गुळाला ५ टक्के, पण त्यात सेंटची बाटली घातली की पेटीला १८ टक्के. ६०० रुपयांच्या पेटीवर ३० ऐवजी १०८ रुपये. दर सांगण्याआधी हे पाहावे.

कंपनीचे चिन्ह किंवा कर्मचाऱ्याचे नाव घालून दिले की मागणी येते, पण ते छापावे कुठे? या मुलीने एका वर्षी थेट पेटीवरच छापून घेतले. ऑर्डर ८० पेट्यांनी कमी झाली आणि त्या ८० पेट्या कोणालाच विकता आल्या नाहीत. आता पेटी कोरी असते, चिन्ह बाहेरच्या कागदी पट्टीवर आणि नाव आतल्या चिठ्ठीवर. दोन्ही अगदी शेवटी छापतात. नावांची यादी कचेरीकडून लेखी मंजूर झाल्याशिवाय छपाई नाही. देवनागरीत एक वेलांटी चुकली तरी माणूस दुखावतो, मग गूळ कितीही गोड असो.

ज्या सभासदांची गुऱ्हाळे आहेत, त्यांनी अशा विक्रेत्यांशी पौषातच बोलणी करून पावडरीचे प्रमाण व दर ठरवावा. गणपतीत विचारणा आली, तर तोवर आपल्याकडे द्यायला चांगला गूळ उरलेला नसतो.

आपला,
ऊस विकास अधिकारी