अरबीची ओळख (भाग 9) : तीन ते दहा, उलट्या लिंगाचे आकडे

राघोबादादांच्या फौजा लाहोरात शिरल्या तो 1758 चा एप्रिल. त्या दिवसांतल्या मराठी कागदांवर सालाची नोंद ‘समान खमसैन मया व अलफ’ अशी सापडते. मोडी वाचायला शिकणारा प्रत्येक जण ही शब्दमाळ कधी ना कधी पाठ करतो. समान म्हणजे आठ, खमसैन म्हणजे पन्नास, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. बेरीज 1158. हा शुहूर सन. सूर्य मृगात गेला की तो बदलतो, आणि त्यात 599 मिळवले की इसवी सन येतो. जानेवारीपासून पुढे मृग लागेपर्यंत मात्र 600 मिळवायचे. 1158 मध्ये 600 मिळवले की 1758.

हिशेब जुळतो, पण अरबी शिकू लागलेल्या वाचकाला पहिल्याच शब्दाशी अडखळायला होतं. अरबीच्या पहिल्या धड्यात आठला ‘थमानिया’ म्हणतात असं तो शिकलेला असतो. (अरबीतला जिभेचं टोक दातांशी नेऊन काढायचा थ फारसीत आणि पुढे आपल्याकडे स झाला.) मग कागदावर ‘समानिया’ हवं होतं. तसंच पाचला तो ‘खम्सा’ शिकला, कागदांत मात्र ‘खमस’. तीनला ‘थलाथा’, कागदांत ‘सलास’. सहाला ‘सित्ता’, कागदांत ‘सीत’. प्रत्येक शब्दाचं शेपूट नेमकं एकाच जागी तुटलेलं. कारकुनांच्या घाईचा हा परिणाम नाही. अरबी व्याकरणातला एक काटेकोर नियम त्या कागदांवर जसाच्या तसा उतरला आहे.

हे शेपूट म्हणजे गेल्या भागात पाहिलेली गोल ता, तिचं अरबी नाव ता मर्बूता. शब्दावर थांबलं की ती ‘आ’ अशी ऐकू येते आणि पुढच्या शब्दाला जोडली की ‘त’ होते. मराठीत आलेल्या शब्दांतही तिची दोन्ही रूपं दिसतात. मदरसा आणि जुम्मा यांच्या शेवटचा ‘आ’ ती, आणि दौलत, इज्जत यांच्या शेवटचा ‘त’ही तीच. अरबीत ही सहसा स्त्रीलिंगाची खूण. मुअल्लिम म्हणजे शिक्षक, मुअल्लिमा म्हणजे शिक्षिका. नामाला लागते तशी विशेषणालाही लागते, आणि एकूण कारभार मराठीतल्या ‘मोठा-मोठी’सारखाच सरळ असतो.

तीनपासून दहापर्यंत मात्र हा कारभार उलटा होतो. मोजायची वस्तू पुल्लिंगी असेल तर आकड्याला गोल ता लागते. वस्तू स्त्रीलिंगी असेल तर लागत नाही. ‘तीन मुलगे’ हे अरबीत ‘थलाथत औलाद’, तर ‘तीन मुली’ हे ‘थलाथ बनात’. मुलग्यांच्या आकड्याला स्त्रीलिंगाची खूण, मुलींच्या आकड्याला काहीच नाही. (औलाद हे अरबीत ‘वलद’ म्हणजे मुलगा, याचं अनेकवचन. मराठीत ते एकवचनासारखं रुळलं.) एक आणि दोन या भानगडीत नाहीत. ते विशेषणासारखे नामाच्या मागे येतात आणि त्याचंच लिंग घेतात. पहिला, तिसरा, पाचवा हे क्रमवाचक शब्दही सरळ वागतात.

मराठीत याच्या जवळपास काही शोधायचं तर ‘तीन’मध्ये ते सापडणार नाही, कारण तीन मुलगे, तीन मुली आणि तीन मुलं यांत ‘तीन’ हलत नाही. ते ‘तिघे, तिघी, तिघं’मध्ये आहे. तिथे आकडा स्वतः लिंग घेतो, पण ज्याचं त्यालाच देतो. अरबीत जणू मित्रांना ‘तिघी’ आणि मैत्रिणींना ‘तिघे’ म्हणायचं असतं.

कुराणाच्या 69व्या सुऱ्यात, म्हणजे अल-हाक्कामध्ये, आद जमातीवर सात रात्री आणि आठ दिवस वारा सोडल्याचा उल्लेख आहे. रात्र (लैला) स्त्रीलिंगी, म्हणून सातला गोल ता नाही. दिवस (यौम) पुल्लिंगी, म्हणून आठला ती आहे. एकाच आयतीत नियमाच्या दोन्ही बाजू शेजारी शेजारी येतात, म्हणून शिकवणारे हे उदाहरण हटकून देतात.

आता शुहूर सनाकडे वळू. वर्षाला अरबीत ‘सना’ म्हणतात. आपला सन तोच. सना स्त्रीलिंगी आहे. सालाचा आकडा सांगताना ‘सना’ हा शब्द आधी येतो आणि पुढचा एकक त्याच्या धाकात राहतो, म्हणून शेपूट गळतं. शिवराज्याभिषेकाचं साल 1674, शुहूर 1075, म्हणजे ‘खमस सबैन व अलफ’. खमस का, तर मोजली जाते ती सना. यात आणखी एक मौज आहे. ‘शुहूर’ हा शब्द ‘शहर’ म्हणजे महिना, याचं अनेकवचन. आणि महिना अरबीत पुल्लिंगी. महिने मोजले असते तर खम्साच लागला असता. आठचं ‘समान’ तर आणखी बोलकं आहे. शेपूट काढल्यावर मूळ शब्द ‘थमानी’ असा ईकारान्त उरतो, आणि पुढे नाम नसलं तर नियमानुसार तो ‘थमानिन’ होतो. त्या शेवटच्या ‘इन’चा उच्चार सोडला की राहतं ‘थमान’, म्हणजे आपलं समान.

अर्बा, सबा आणि तिसा या चार, सात आणि नवांच्या शब्दांनी मात्र फसू नये. त्यांच्या शेवटी ‘आ’ ऐकू येतो, पण तो गोल तेचा नाही. मूळ शब्द अर्बअ, सब्अ आणि तिस्अ. त्यांच्या शेवटी घशातून काढायचा ऐन हा वर्ण आहे, आणि मराठी तोंडात त्याचा ‘आ’ झाला. गोल ता लागलेली रूपं अर्बआ, सब्आ, तिस्आ अशी, ऐन आणि त्यापुढे आणखी एक स्वर असलेली. मराठी लिपीत दोन्ही सारखीच दिसतील. म्हणून नियम तपासायचा तर सलास, खमस, सीत आणि समान या चौघांकडे पाहावं. तिथे शंकेला जागा उरत नाही.

नियम एका वाक्यात सांगता येतो, तरी शिकणारे चुकतात, आणि बहुतेक एकाच ठिकाणी चुकतात. तीन ते दहानंतर नाम अनेकवचनात येतं, आणि डोळा त्या अनेकवचनावर जातो. लिंग पाहायचं असतं ते एकवचनाचं. हम्माम पुल्लिंगी, त्याचं अनेकवचन हम्मामात. ‘आत’ हा प्रत्यय एरवी स्त्रीलिंगी अनेकवचनाचा, म्हणून शिकणारा ‘थलाथ हम्मामात’ लिहून मोकळा होतो. बरोबर रूप ‘थलाथत हम्मामात’. इस्पितळाचा ‘मुस्तश्फा’ तर दुहेरी फसवतो. एकवचनाच्या शेवटी आ, अनेकवचन ‘मुस्तश्फयात’, आणि शब्द पुल्लिंगी. सहा इस्पितळं म्हणजे ‘सित्तत मुस्तश्फयात’. उलट बाजूला विहिरीचा ‘बिअर’ आहे. गोल ता नाही, दिसायला पुल्लिंगी, पण अरबीत स्त्रीलिंगी. सात विहिरी म्हणजे ‘सब्अ आबार’. खलीफाला गोल ता असूनही तो पुरुष, म्हणून चार खलीफा ‘अर्बअत खुलफा’.

तेव्हा कृती अशी. ‘पाच वर्षं’ म्हणायचं आहे. आधी वर्षाचं एकवचन उभं करा: सना. स्त्रीलिंगी आहे, म्हणून पाचचं बोडकं रूप घ्या: खम्स. मग नाम अनेकवचनात, षष्ठीत ठेवा: ‘खम्स सनवात’. पण वर्षाला अरबीत ‘आम’ असाही शब्द आहे आणि तो पुल्लिंगी. तो घेतला की तीच पाच वर्षं ‘खम्सत अअवाम’ होतात. अर्थ एक, काळ एक, आकडा मात्र नाम पाहून बदलला.

शेकड्या-हजारांच्या पोटातही हाच नियम लपलेला आहे. शंभरचा ‘मिआ’ स्त्रीलिंगी, हजारचा ‘अल्फ’ पुल्लिंगी. म्हणून तीनशे ‘थलाथ मिआ’ आणि तीन हजार ‘थलाथत आलाफ’. इथे शंभर आणि हजार हीच मोजली जाणारी नामं झाली. तेरापासून एकोणीसपर्यंत तर एकाच आकड्याचे दोन तुकडे दोन दिशांना जातात. एकक उलटा वागतो आणि दहाचा तुकडा सरळ वागतो. तेरा पुरुषांच्या तीनला गोल ता, दहाला नाही. तेरा स्त्रियांच्या तीनला नाही, दहाला आहे.

असं का, हा प्रश्न अरब वैयाकरणांनाही पडला होता. त्यांचं उत्तर असं: आकडा म्हणजे समूह, आणि समूहवाचक शब्दाला गोल ता स्वाभाविक. मोजणीत पुल्लिंगी आधी आलं, त्याने मूळचं लांब रूप घेतलं. स्त्रीलिंगी मागून आलं, तेव्हा फरक दाखवायला ता गाळण्याखेरीज वाट उरली नव्हती. काहीही न मोजता नुसते आकडे म्हणताना अरब माणूस आजही थलाथा, अर्बआ, खम्सा अशी लांब रूपंच म्हणतो, हे या मताला धरून आहे. आधुनिक अभ्यासक आणखी मागे जातात. हिब्रूत तीन मुलगे ‘श्लोशा बानीम’ आणि तीन मुली ‘शालोश बानोत’; अरामी आणि प्राचीन अक्कादीतही हीच अदलाबदल आहे. म्हणजे ती अरबीपेक्षा खूप जुनी. या भाषांतला त-प्रत्यय मुळात केवळ स्त्रीलिंगाचा नव्हताच. ‘तुफ्फाह’ म्हणजे सफरचंदं ही जिन्नस, ‘तुफ्फाहा’ म्हणजे त्यातलं एक. इथे ता नग वेगळा काढते, लिंगाशी तिचा संबंध नाही. आकड्यांना ती कोणत्या कामासाठी चिकटली, यावर मात्र अभ्यासकांचं एकमत नाही. वैयाकरणांची उपपत्ती सुबक असली तरी पुरुष आधी मोजले गेले हा तिचा पाया कच्चा वाटतो. प्रत्ययाचं काम लिंगाहून जुनं असावं, हे मत अधिक पटतं.

बोलीभाषांनी ही कटकट ठेवली नाही. कैरोत तीन पुस्तकं ‘तलत कुतुब’ आणि तीन मुली ‘तलत बनात’. किताब पुल्लिंगी, बिन्त स्त्रीलिंगी, पण आकडा एकच. लांब रूप तिथे वेगळ्या कामाला लागलं आहे. चहाच्या दुकानात तीन चहा मागवताना ‘तलाता शाय’ म्हणतात, दहा पौंडांना ‘अशरा गिनेह’. नाम तेव्हा एकवचनातच राहतं. इस्रायलमधल्या बोलीतल्या हिब्रूतही शेकेल पुल्लिंगी असताना पाचसाठी ‘हामेश शेकेल’ सर्रास ऐकू येतं. व्याकरणाला तिथे ‘हामिशा श्कालीम’ हवं असतं.

कैरोत एका ठिकाणी मात्र जुनी ता टिकून आहे. दिवसांना ‘अय्याम’ म्हणतात, बोलीत ‘इय्याम’. तीन दिवस म्हणताना ‘तलत इय्याम’ होत नाही, ‘तलत तिय्याम’ होतं. यौम पुल्लिंगी म्हणून लागलेला तो त आकड्यापासून सुटून नामाला चिकटला. चार महिन्यांचंही तसंच, ‘अर्बअ तुश्हुर’. ते ‘तुश्हुर’ म्हणजे ‘अश्हुर’, आणि अश्हुर हे शुहूरसारखंच ‘शहर’चं दुसरं अनेकवचन.