सीट, चिखल आणि चैन सॉकेट: परभणीतल्या पहिल्या मोठ्या गाडीची वीस वर्षं

परभणी जिल्ह्यात मोठी गाडी म्हणजे बुलेट, हे गणित पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं होतं. २००२ मध्ये रॉयल एनफिल्डची थंडरबर्ड आली आणि २००५ मध्ये बजाजची ॲव्हेंजर. तेव्हा पहिल्यांदा नव्या पोरांना पाय पुढे टाकून, पाठ सैल सोडून चालवायची गाडी दिसली. क्रूझर हा शब्द तेव्हा फारसा कुणी वापरत नसे. ‘बसायला खाली आहे’ एवढ्यावर सौदा व्हायचा आणि ते कारण आजही खोटं ठरलेलं नाही. ॲव्हेंजरची सीट जमिनीपासून जेमतेम ७४ सेंटीमीटरवर. साडेपाच फुटांच्या माणसाचे दोन्ही तळपाय सपाट टेकतात.

दुसरी वाट २०१६ मध्ये उघडली. त्या मार्चमध्ये हिमालयन बाजारात आली: पुढचं चाक २१ इंची, पुढच्या शॉकअपची हालचाल २० सेंटीमीटर, पोटाखाली २२ सेंटीमीटर मोकळी जागा. उंच उभी राहणारी ही गाडी लडाखसाठी असं सगळे समजले. प्रत्यक्षात तिची परीक्षा जिंतूर, सेलू, गंगाखेडच्या रस्त्यांवरही तेवढीच झाली.

त्याला कारण इथली माती. काळी कसदार जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर टाकलेला डांबरी रस्ता दोन-तीन पावसाळ्यांत लाटांसारखा वरखाली होतो. वरून उसाचे ट्रॅक्टर-ट्रॉली शेतातला चिखल चाकांबरोबर डांबरावर आणून टाकतात, आणि पहिल्या सरीत तो साबणासारखा निसरडा होतो. गावागावांतले पांढरा पट्टा नसलेले गतिरोधक वेगळेच. कल्याणहून पाथरी, मानवत, परभणी, वसमत करत नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ सोडून आत वळलं की हे सगळं एकामागून एक भेटतं. शिवाय समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगीच नाही, त्यामुळे लांबच्या प्रवासातही दुचाकीस्वाराला जुनेच रस्ते धरावे लागतात.

अशा रस्त्यावर क्रूझरचा आराम अर्धाच उरतो. पाय पुढे असले की शरीराचा भार मांड्यांवर फारसा येत नाही, तो थेट माकडहाडावर बसतो. खड्डा दिसला तरी पायांवर उभं राहून झटका झेलता येत नाही. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या मीटिओर ३५० च्या पुढच्या शॉकअपची हालचाल १३ सेंटीमीटर आहे. गुळगुळीत महामार्गावर ती पुरून उरते, पण लाटांच्या रस्त्यावर वेग कमी करण्यावाचून इलाज नसतो. ॲडव्हेंचर टूररवर पाय कमरेच्या जवळपास खाली असतात, हँडल रुंद असतं, आणि खराब तुकडा आला की पायांवर उभं राहून गाडीला खालून नाचू देता येतं. चाळीस-पन्नास किलोमीटरनंतर हा फरक कंबर स्वतःच सांगते.

मग पहिली मोठी गाडी टूररच घ्यावी का? इथे वजनाचा मुद्दा येतो, आणि त्याचीच सगळ्यात जास्त गल्लत होते. कागदावर मीटिओर १९१ किलो, नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेली हिमालयन ४५० आहे १९६ किलो. पाच किलोंचा फरक म्हणजे काहीच नाही. पण सीटची उंची पहिलीची साडेशहात्तर सेंटीमीटर आणि दुसरीची साडेब्याऐंशी. बुटक्या माणसाचा पाय टेकेपर्यंत उंच गाडी आधीच थोडी कललेली असते, आणि कललेली गाडी सावरणं हा वेगळाच प्रकार आहे.

ढोबळ हिशोब करून पाहू. १९५ किलोची गाडी, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटीमीटरवर आणि हात धरायची उंची एक मीटर धरली, तर दहा अंश कललेली गाडी सावरायला हँडलवर साधारण २० किलोचा जोर लागतो. तीच पंचवीस अंशांवर गेली की जवळजवळ ५० किलो. तेवढा जोर एका पायावर, ओल्या मातीत, मागे कुणी बसलेलं असताना लावायचा असतो. गुरुत्वमध्य दहा सेंटीमीटर खाली आणला तर पंचवीस अंशांचा तोच आकडा ४१ वर येतो. नवख्यांची गाडी भरधाव वेगात क्वचित पडते. ती पडते पेट्रोल पंपावर, उतारावरच्या यू-टर्नला, किंवा ट्रॉलीला वाट देताना बाजूपट्टीवर पाय टेकायला गेलं आणि तिथं जमीनच खाली असली तेव्हा. मोडतो तो क्लचचा लिव्हर किंवा इंडिकेटर, आणि घाबरलेला चालवणारा पुढचे दोन महिने गाडी बाहेर काढत नाही.

डबलसीटचाही विचार या भागात टाळता येत नाही. साडी नेसून एका बाजूला बसणाऱ्या आईला किंवा बायकोला क्रूझरवर सहज बसता येतं. टूररवर चढताना फूटरेस्टवर पाय देऊन वर उचलून घ्यावं लागतं, तेही चालवणाऱ्याने गाडी दोन्ही पायांनी घट्ट धरली असेल तर.

पार्टच्या बाबतीत या वीस वर्षांत जे घडलं, त्याकडे मात्र शोरूममध्ये कुणाचं लक्ष नसतं. ॲव्हेंजर २२० चं इंजिन पल्सरच्या घरातलं, त्यामुळे तिची कामं तालुक्याच्या मिस्त्रीच्या हातातली. मीटिओरसोबत आलेलं ३४९ सीसीचं इंजिन पुढे क्लासिक, हंटर आणि २०२३ च्या नव्या बुलेटमध्येही बसलं. एकाच इंजिनाच्या इतक्या गाड्या रस्त्यावर असल्या की क्लच प्लेट आणि ऑइल फिल्टर दुकानात पडून राहत नाहीत, फिरत राहतात. जुन्या हिमालयनचं ४११ सीसीचं इंजिन तिच्यात आणि स्क्रॅममध्येच राहिलं. नव्या ४५० चं इंजिन तिच्यात आणि २०२४ च्या गरिलामध्ये आहे. पार्ट मिळतात, पण बऱ्याचदा मागवावे लागतात, आणि मागवलेला पार्ट येईपर्यंत गाडी उभी.

त्याहून रोजची अडचण चाकाची. इथल्या बाभळीचा काटा कुणाला चुकत नाही. मीटिओरच्या अलॉय चाकात ट्यूबलेस टायर असतो, त्यामुळे कोणताही पंक्चरवाला वात भरून दहा मिनिटांत मोकळा करतो. ४११ च्या तारेच्या चाकात ट्यूब असते. चाक उतरवायचं, टायर सोडवायचा, आणि २१ इंची ट्यूब त्या गावात मिळेलच असं नाही. तारेच्या चाकाची टूरर घेणाऱ्याने पुढची-मागची एकेक ट्यूब आणि टायरचे लिव्हर सोबत ठेवलेले बरे. जुनी ४११ पाहायला गेलात तर मधल्या स्टँडवर चढवून पुढचं चाक उचला आणि हँडल हळू फिरवा. मधोमध अडकल्यासारखं जाणवलं तर कोनसेट गेला आहे. चैन सॉकेटचे दात एका बाजूला वाकलेले दिसले तर तोही खर्च किमतीतून वजा करा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीने या निवडीत नवी रेघ ओढली. ३५० सीसीपर्यंतच्या गाडीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला, त्यावरच्या गाड्यांचा सेससह असलेला ३१ वरून ४० वर गेला. मीटिओर या रेषेच्या अलीकडे राहिली, हिमालयन ४५० पलीकडे. टूररच हवी पण भार हलका हवा, असं म्हणणाऱ्याला २४९ सीसीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स ही मधली वाट आहे. ती १६७ किलोची, मात्र सीट साडेत्र्याऐंशी सेंटीमीटरवर. पोरगं पाच फूट चार इंच असेल आणि आधी स्प्लेंडरच चालवली असेल, तर आजही आधी मीटिओर आणि दोन-तीन वर्षांनी टूरर, हाच क्रम शहाणपणाचा वाटतो. उंची पावणेसहा फूट आणि रोजचं येणं-जाणं जिंतूरच्या डोंगराकडच्या कच्च्या रस्त्याचं असेल, तर क्रूझरवर पैसे घालू नयेत.

दोन्ही बाबतीत शोरूममधल्या फरशीवर बसून ठरवायचं नाही. घरच्या माणसाला मागे बसवायचं, गाडी बाहेर उतारावर आणायची, इंजिन बंद ठेवून पायांनी मागे ढकलायची आणि वळवायची. तेवढं जमलं तर पुढचं किमतीचं बोलायचं.